मदत हवी आहे: वृत्तालेखात शेवटची पाकळी दीड अंशाने कमी भरतेय

मुलीने काढलेला वृत्तालेख तपासतेय. तक्ता ८० विद्यार्थ्यांच्या आवडत्या खेळांचा आहे: क्रिकेट २७, कबड्डी २१, खो-खो १९, बुद्धिबळ १३. बेरीज ८० येते, म्हणजे तक्ता बरोबर. एका विद्यार्थ्याला ३६० ÷ ८० = ४.५ अंश, म्हणून कोन १२१.५, ९४.५, ८५.५ आणि ५८.५.

तिने प्रत्येक कोन पूर्णांकात वर नेला: १२२, ९५, ८६, ५९. बेरीज ३६२! पहिले तीन कोन मोजून काढल्यावर उरलेली जागा ५७ अंशांची, आणि तिथे सरळ ‘बुद्धिबळ ५९°’ असं लिहून टाकलं. कोनमापक लावला तेव्हा कुठे कळलं. गंमत म्हणजे टक्क्यांनी ही चूक पकडता येत नाही, कारण ५७ अंश काय नि ५८.५ काय, जवळच्या पूर्णांकात दोन्ही १६ टक्केच.

मला सुचलेला उपाय असा: कोन पूर्णांकात न्यायचेच नाहीत. एकाच आधार त्रिज्येपासून १२१.५, २१६, ३०१.५ अशा बेरजेच्या खुणा करायच्या, म्हणजे आधीच्या पाकळीतली चूक पुढच्या पाकळीत जात नाही. अर्धा अंश दोन रेघांच्या मधोमध. परीक्षेत हे चालतं का?

आणखी एक. शेजारी ४० जणांच्या गटाचा वृत्तालेख काढायचाय. पहिल्याची त्रिज्या ५ सेमी आहे. क्षेत्रफळ निम्मं हवं तर दुसऱ्याची साधारण ३.५ सेमी येते. तशी घ्यावी, की दोन्ही सारखी ठेवून खाली एकूण संख्या लिहावी? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं.