मदत हवी आहे: मधोमध फिरणारी सळई, माझं उत्तर छापील उत्तराच्या दुप्पट येतंय

देवगडची_बारावी
80 सेंमी लांबीची सळई मध्यबिंदूभोवती मिनिटाला 600 फेरे फिरते. क्षेत्र 0.5 टेस्ला, फिरण्याच्या पातळीला लंब. मध्य आणि टोक यांतला ईएमएफ काढायचा आहे. ½BωL² मध्ये 0.8 मी. घालून 10.05 व्होल्ट आले. अर्धीच सळई हवी म्हणून निम्मे केले, 5.02. पुस्तकात 2.51 आहे. छपाईची चूक असेल का?

मालवणी_माणूस
पुस्तक बरोबर आहे. L च्या जागी 0.4 घाल. लांबी निम्मी झाली की वर्गामुळे उत्तर चौथाई होतं.

देवगडची_बारावी
घातलं, आलं. पण दुसऱ्या रीतीनेही 5.02 च येत होतं, म्हणून ते बरोबर वाटलं. टोकाचा वेग 25.1 मी./से., मग Bvl = 0.5 × 25.1 × 0.4.

निवृत्त_मास्तर_गुहागर
बाळ, तिथेच मेख आहे. 25.1 हा वेग फक्त टोकाचा. मध्यापाशी वेग शून्य, आणि तिथून तो अंतराच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणून सरासरी 12.55 घ्यायचा, की 2.51 येतात. निम्मे करण्याची चूकही हीच: टोकाकडचा तुकडा जास्त ईएमएफ देतो, मध्याकडचा कमी. सळई एका टोकाशी खिळलेली असती, तर मध्य ते मोकळं टोक यांत 10.05 चे तीन चतुर्थांश, म्हणजे 7.54 मिळाले असते. म्हणून 'मध्य' शब्द दिसला की आधी आस कुठे आहे ते बघ.

मालवणी_माणूस
आणि दोन टोकांमध्ये 5.02, दोन्ही अर्ध्यांची बेरीज.

निवृत्त_मास्तर_गुहागर
नाही हो. क्षेत्र वर आणि वरून बघता फिरणं घड्याळाच्या उलट असेल, तर दोन्ही टोकं मध्यापेक्षा सारखीच धन होतात. टोक ते टोक फरक शून्य.

वेंगुर्ल्याची_काकू
आमच्या पंख्याला पावसाळ्यात हात लावला की झिणझिण्या येतात. तो हाच ईएमएफ का?

निवृत्त_मास्तर_गुहागर
नाही ताई. पंख्याच्या पातळीला लंब असा पृथ्वीच्या क्षेत्राचा भाग 20 मायक्रोटेस्ला धरला, पातं 60 सेंमी आणि मिनिटाला 300 फेरे, तरी 0.1 मिलिव्होल्टच्या आसपासच येतं. ते कुणालाही जाणवणार नाही. तुमच्याकडे दमट, खाऱ्या हवेने वीज गळत असावी. आधी मेन स्विच बंद करा, पंख्याला हात लावू नका आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

देवगडची_बारावी
सर, समजलं. पण हे 2.51 मोजायचे कसे? व्होल्टमीटर सळईवरच बांधून तिच्याबरोबर फिरवला तर?

मालवणी_माणूस
2.51 च दाखवेल, तारा तर त्याच दोन बिंदूंना लागल्यात.

निवृत्त_मास्तर_गुहागर
मला तसं वाटत नाही. तारासुद्धा त्याच क्षेत्रात फिरतायत. तार, मीटर आणि सळई मिळून जो वेढा होतो, त्यातला फ्लक्स बदलतो का ते काढून बघ. मीटर स्थिर ठेवून टोकापाशी कड्यावर ब्रश घासता ठेवला, तर 2.51 दिसायला हवेत.

देवगडची_बारावी
फ्लक्स बदलत नाहीये... मग शून्य? पण सळईची टोकं तर धन आहेत ना, सर?