प्रति: हिरे की सोनं?

>> हिऱ्यांचा मोठा नेकलेस घेतला तर अडीनडीला सोन्यासारखाच मोडता येईल ना?

मोडता येतो, पण हिऱ्यांचे पैसे फार कमी सुटतात, भरवसा सोन्याचाच. बहिणीच्या लग्नासाठी पाहिलेला नेकलेस ३० ग्रॅम भरला. त्यात १० कॅरटचे हिरे, म्हणजे २ ग्रॅम. उरलेलं २८ ग्रॅम सोनं १८ कॅरटचं, त्यामुळे शुद्ध सोनं २१ ग्रॅमच. घडणावळ गेली ती गेलीच! बिलात खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर त्यालाही सोन्याचा भाव लागतो.

शेवटी आम्ही मोठा हार बिनखड्यांचा, २२ कॅरटचा घेतला. हिऱ्यांत फक्त कुड्या आणि हुकाने सुटं होणारं पदक. ते पदक ती बारीक साखळीत घालून ऑफिसला जाते. हार मात्र लॉकरमध्येच.