मदत हवी आहे: केटलच्या हँडलवर स्वीप आणि लॉफ्टच्या सांध्यापाशी झेब्रा पट्टे मोडतात

वक्ररेखा:
मी सॉलिडवर्क्समध्ये विजेच्या केटलचे हँडल तयार करत आहे. मुठीचा भाग 30 × 22 मिमीचा लंबवर्तुळाकार छेद स्प्लाइनवरून स्वीप करून घेतला असून, तिथून केटलच्या अंगापर्यंत रुंदावत जाणारा भाग वर एक आणि खाली एक गाइड कर्व्ह देऊन लॉफ्ट केला आहे. लॉफ्टच्या सुरुवातीला `Curvature To Face` निवडूनही, गाइड कर्व्ह स्वीपला जिथे टेकतात नेमक्या तिथेच झेब्रा पट्टे कोपरा घेतात. बाजूंना ते सलग जातात. भाग चकचकीत काळ्या प्लास्टिकचा असल्यामुळे हा दोष लपणार नाही. काय तपासावे?

मूठभर:
गाइड कर्व्ह काढून टाका, पट्टे लगेच सरळ होतील.

साचेघर:
पट्टे सरळ होतील, परंतु हँडलची बाह्यरेषा हातची जाईल. पट्टे सांध्यावर तुटत नाहीत, जुळून कोपरा घेतात, याचा अर्थ स्पर्शिका जुळली आहे आणि वक्रता जुळलेली नाही. पृष्ठभागाला गाइडवरूनच जावे लागते, त्यामुळे गाइड चुकला की तिथे लॉफ्टची अट पाळली जाऊ शकत नाही. आपला गाइड वर्तुळकंस आहे का?

वक्ररेखा:
होय, वरचा 40 मिमी त्रिज्येचा आहे. स्वीपची वरची रेषा टोकाशी साधारण 160 मिमी त्रिज्येची आहे आणि दोन्ही एकाच बाजूला वाकतात.

साचेघर:
म्हणजे सांध्यावर वक्रता एकदम चौपट होते. वर्तुळकंसाची वक्रता सर्वत्र सारखीच असल्यामुळे तो कितीही काळजीपूर्वक स्पर्शिकेत बसवला तरी उपयोग नाही. मधल्या प्रतलावर `Intersection Curve` वापरून स्वीपची रेषा स्केचमध्ये घ्या, गाइड स्प्लाइनने काढा आणि त्या दोघांत `Equal Curvature` हा संबंध द्या. मग दोन्हींचे कर्व्हेचर कोंब उघडून सांध्यावरच्या दातांची उंची सारखी आहे ना, हे पाहा. लॉफ्ट पुन्हा बांधण्याआधी एवढे अवश्य करावे, कारण पट्ट्यांपेक्षा कोंब अधिक स्पष्ट बोलतो.

अर्धाभाग:
माझ्या मिक्सरच्या हँडलचा अर्धा भाग मिरर केल्यावर मधोमध कंगोरा दिसतो. तिथेही हाच उपाय करावा का?

साचेघर:
आपले प्रकरण वेगळे आहे. आडवे छेद मिररच्या प्रतलाला काटकोनात भेटत असतील, तर प्रतिबिंबामुळे तिथली वक्रता आपोआप जुळते. कंगोरा दिसतो, त्या अर्थी काटकोनच चुकला असावा.

वक्ररेखा:
वरची बाजू आता निर्दोष झाली आहे. खाली मात्र सांध्यापासून अंगापर्यंत जेमतेम 18 मिमी जागा असून गाइडला तेवढ्यात उलट वळण घ्यावे लागते. त्यामुळे दोन्ही टोके जुळली तरी कोंब मध्येच उसळतो.

साचेघर:
स्वीप 10 मिमी मागे छाटा आणि सांधा मुठीकडे सरकवा, म्हणजे वळणाला जागा मिळेल.

मूठभर:
पण तिथे तर्जनी टेकते. सांधा सरकला की पकडीचा छेदच बदलेल. मी असतो तर अंगाकडचे टोक केवळ `Tangency To Face` वर ठेवले असते, कारण ती बाजू सहसा सावलीत असते.

वक्ररेखा:
केटल ओतताना तीच बाजू समोर येते, म्हणून ते मला पटत नाही. छाटलेला नमुना थ्रीडी प्रिंट करून हातात धरून पाहतो आणि पकड बदलते का, ते इथे कळवतो.