पहिल्या भेटीची आखणी तुम्ही कशी केलीत? (अनुभव धागा)

ऑनलाइन ओळख झालेल्या व्यक्तीला प्रथम भेटताना जागा, प्रवास, लोकेशन आणि मागे खबर ठेवणारे माणूस यांची व्यवस्था कशी लावलीत, ते लिहावे. सुरुवात मीच करते. मी खानापूरहून बसने बेळगावला गेले. न्यायला येण्याची त्याची तयारी होती, परंतु पहिल्याच दिवशी घर दाखवायचे नव्हते. टिळकवाडीतील कॅफेत कॉफी अर्धी असतानाच तो म्हणाला, "इथे गर्दी आहे, चोर्ला घाटाकडे चक्कर मारून येऊ." साडेपाचच्या बसचे कारण मी आधीच तयार ठेवले होते, त्यामुळे नकार देताना अडखळले नाही.

निपाणीकर: व्हॉट्सॲपवर आठ तासांचे लाइव्ह लोकेशन मित्राला पाठवले की काम झाले. मी तेवढेच करतो.

शहापूरची ताई: तेवढ्याने भागत नाही. घाटात रेंज गेली की ठिपका होता तिथेच थिजतो आणि पाहणाऱ्याला वाटते, माणूस अजून तिथेच आहे. म्हणून लोकेशन शेवटचे केव्हा अपडेट झाले, ती वेळ पाहावी. त्याहून मोठी अडचण अशी की, ठिपका थांबल्यावर काय करायचे हे ठरलेले नसेल, तर मैत्रीण "गप्पा रंगल्या असतील" म्हणून स्वस्थ बसते.

माझे आणि माझ्या मैत्रिणीचे असे ठरले होते: त्याचे नाव, क्रमांक, फोटो आणि कॅफेचा फोन नंबर तिच्याकडे असावा. पाच वाजता मी फोन करायचा, मेसेज नव्हे, कारण माझ्या मोबाइलवरून मेसेज कोणीही टाकू शकतो. पाच-दहापर्यंत फोन आला नाही, तर तिने करायचा. मी उचलला नाही, तर कॅफेच्या काउंटरवर विचारायचे, मग माझ्या भावाला पाठवायचे, आणि मी तिथे नसेनच तर 112. "शेगडी बंद केलीस का?" या प्रश्नाला "केली" म्हणजे सर्व ठीक, "आठवत नाही" म्हणजे मला न्यायला ये.

मोबाइल सायलेंटवर राहिला आणि काउंटरवरचा फोनही लागला नाही, म्हणून एकदा भाऊ हेल्मेट हातात घेऊन थेट टेबलापाशी येऊन उभा राहिला. समोरचा गृहस्थ हसला. पुढे दोनदा भेटलो.

एक काका: आमच्याकडे पाहण्याचा कार्यक्रम घरीच, मामा-काकांसमोर होतो. लोकेशन पाठवायचे कोणाला?

शहापूरची ताई: काका, इथे दोघे परस्पर भेटतात, त्या भेटीविषयी चालले आहे.

चंदगडचा: हे मुलांनाही लागू आहे. मला आयत्या वेळी कॅफेऐवजी हायवेलगतच्या लॉजवर बोलावले. "कॅफेतच थांबतो" असे कळवल्यावर तासाभरात प्रोफाइल नाहीसे झाले.

निपाणीकर: फोनचे पटले. पण घरी सांगावे का? आमच्या गावातल्या हॉटेलात बसलो, तर चहा येण्याआधी बातमी घरी पोहोचते. बेळगाव गाठले, तर परतीची गाडी चुकण्याची धास्ती.

खानापूरची (धागाकर्ती): मी घरी सांगितले नव्हते, आणि तेवढीच बाब मला अजून खटकते. भेट सकाळी अकराची ठेवली, तर निदान गाडीचा प्रश्न उरत नाही.