मदत हवी आहे: अकोल्याच्या उन्हात हवा खेळणारं हेल्मेट कसं निवडायचं?

वऱ्हाडी_स्कूटर
रोज अकोला ते बोरगाव मंजू स्कूटरने ये-जा. फुल फेस हेल्मेट आहे, वर दोन झरोके, तरी मे महिन्यात डोकं उकडून निघतं. आतलं कापड आंबूस वासाचं झालंय. हनुवटीखाली पुरळ येतं म्हणून पट्टा सैल ठेवतो. आणि जूनच्या पहिल्या पावसात काच धुरकट झाली की समोरचं काही दिसत नाही. नवीन घेताना काय बघू?

पांढराच_बरा
पांढरं घ्या, काळं तापतं. काच धुरकट होऊ नये म्हणून नाकापर्यंत रुमाल बांधा, श्वास अडतो.

गॅरेजवाला_काका
पांढऱ्याचं पटतं, सिग्नलला उभं राहिलं की फरक जाणवतो. रुमालाचं उलट आहे. नाकाशी बांधला की श्वास वर काचेकडेच जातो. मे महिन्यात हवा कोरडी, काच गरम, म्हणून तेव्हा त्रास नाही. पावसात काच गार पडते, मग श्वासातली वाफ तिच्यावर धरते. दुकानात नाकावरचा पडदा आणि हनुवटीसमोरचा झरोका आहे का ते बघा. काचेला आतून दुसरी पातळ काच बसवायच्या पिना असतील तर आणखी चांगलं.

आता झरोके. आतलं अस्तर काढा, झरोका उघडा आणि बाहेरून मोबाईलचा टॉर्च मारा. थर्मोकोलमधून उजेड आत आला पाहिजे. मागेही भोक हवं, नाहीतर आलेली हवा जाणार कुठून?

केसांची_काळजी
माझे केस गळतात, हेल्मेटमुळेच का?

गॅरेजवाला_काका
ताई, ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. अस्तर घामट राहू देऊ नका एवढं मी सांगेन.

वऱ्हाडी_स्कूटर
काका, टॉर्च मारून बघितला. थर्मोकोल सलग! झरोके नुसते शोभेचे. तीन उन्हाळे काढले की यात. पण पट्ट्याचं काय?

गॅरेजवाला_काका
सैल ठेवू नका. पट्टा लावून मागची कड धरा आणि हेल्मेट पुढे ढकलून बघा, निघून आलं तर पट्टा कुचकामी. गळ्याशी दोन बोटं जातील इतका घट्ट हवा. पुरळ बहुतेक घामाच्या मिठाने येतं. पट्ट्याचं मऊ कव्हर निघतं, ते आणि अस्तर आठवड्याला कोमट पाण्यात थोड्या शाम्पूने धुवा आणि सावलीत वाळवा. रोज सुती टोपी घाला, तीच धुवायला सोपी. थर्मोकोलला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, विरघळतो. आणि आयएसआय मार्क बघूनच घ्या.

पांढराच_बरा
शहरात वीस-तीसच्या वेगात झरोक्यातून हवा येतच नाही म्हणतात, मग उपयोग काय?

गॅरेजवाला_काका
गर्दीत फारशी येत नाही, खरंय. त्यांचा हायवे आहे म्हणून सांगितलं.

वऱ्हाडी_स्कूटर
रविवारी टॉर्च घेऊन दुकानात जातो. दुकानदार अस्तर काढू देईल का, तेच बघायचंय.