बाळंतपणानंतरची उदासी आणि बाळाचं करणं : तुमचे अनुभव लिहा

वहिनीच्या बाळाला सव्वा महिना झाला. ती दूध, अंघोळ, लंगोट सगळं करते पण त्याच्याकडे बघतच नाही, पाजून झालं की भिंतीकडे तोंड. आई म्हणते ओली बाळंतीण आहे, होईल बरी. किती वाट बघायची?

अबोली२१ : मलापण तिसऱ्या दिवसापासून उगाचच रडू यायचं, बारशाच्या आत आपोआप गेलं. बऱ्याच जणींना होतं गं, नीट झोपू द्या फक्त.

सिस्टरताई : अबोली म्हणते ते रडू दोन आठवड्यांत ओसरतं, सव्वा महिन्याला असेल तर ते हे नव्हे. मी लसीकरणाला असते. एक आई दीड महिन्याच्या डोसला आली, म्हणाली बाळ शहाणं आहे, रडतच नाही. या वयात दिवसाला 25-30 ग्राम वाढायला हवं, म्हणजे महिन्यात पाऊण किलोच्या आसपास, याचं जेमतेम तीनशे ग्राम वाढलेलं. बाळ तोंड वळवायचं, मुठी चोखायचं, या भुकेच्या खुणा तिला दिसायच्याच नाहीत, रडलं तरच पाजायची आणि अशक्त बाळ रडतं कमी. शू पण दिवसातून सहापेक्षा कमी वेळा. मग डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचे एडिनबर्गचे दहा प्रश्न विचारले, मागच्या सात दिवसांबद्दल असतात, 30 पैकी 13 किंवा जास्त गुण आले की पुढे तपासतात. तिचे 17 आले. समुपदेशन, गोळी, आणि आजीने दर दोन-तीन तासांनी बाळ तिच्याकडे द्यायचं, रात्री एकदा काढलेलं दूध स्वतः पाजायचं. वजन आधी सुधारलं, तिचा मूड बऱ्याच नंतर.

बाबा_नवीन : आमचं पण दीड महिन्याचंय, रात्रभर उठतं. वरचं दूध सुरू करू का?

सिस्टरताई : आधी वजन करून घ्या, नुसतं उठतं म्हणून नको.

निनावी : माझं उलटं होतं, बाळ झोपलं तरी मी जागी, श्वास चालू आहे का बघत. गॅलरीत गेले की हातून खाली पडेल असं डोळ्यासमोर यायचं म्हणून त्याला घेणंच सोडलं, आणि सांगितलं तर बाळ काढून घेतील ही भीती. शेवटी डॉक्टरांना सांगितलं, त्या म्हणाल्या या विचाराची तुलाच भीती वाटतेय ना, ही चिंता आहे, यावर उपचार आहेत. थायरॉईडही बिघडलेलं निघालं, त्यामुळे नक्की कशाने काय झालं अजून कळलेलं नाही.

कोकणी_मामा : आमच्या भाचीला झोपच लागेना, तरी थकवा नाही, आणि हे बाळ माझं नाहीच म्हणू लागली. घरचे अंगारा आणायला गेले, त्यात दोन दिवस वाया. असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवू नका.

धागाकर्ती : वहिनीला विचारलं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, यावर "कधीतरी" म्हणाली.

सिस्टरताई : मग गुणांची बेरीज नको, आजच दाखवा. तोवर कोणीतरी सोबत राहा, 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

धागाकर्ती : दादा निघालाय घेऊन. आई विचारतेय गोळ्या चालू केल्या तर अंगावरचं बंद करायचं का?

सिस्टरताई : बहुतेक वेळा नाही. सर्ट्रालिनसारखी गोळी पाजतानाही देतात, पण पाजतेय हे डॉक्टरांना आधीच सांगा.