प्रति: ड्रोन फवारणीसाठी नाव सुचवा

> ‘नभसिंचन’ हे नाव कसं वाटतं? फोनवर शेतकऱ्याला लगेच कळेल ना?

नाही कळणार. सिंचन म्हटलं की आपल्याकडे ठिबक-तुषार डोळ्यापुढे येतं. काटोलकडचा संत्रावाला तुम्हाला नळ्यांचे भाव विचारेल.

सरळ ‘ड्रोन फवारा’ म्हणाल, तर तिथं वेगळीच गंमत. साध्या कॉलमध्ये आवाजातल्या वरच्या पट्ट्या कापल्या जातात, त्यामुळे स, श, फ पुसट होतात. त्यात जोडाक्षर घाईत बोललं की ‘ड्रोन’चं ‘दोन’ होतं. मी मेहुण्याला ट्रॅक्टरशेजारी उभं करून फोन लावला. तो म्हणाला, “दोन फवारे? मले तं एकच पाह्यजे होता!”

नावात ‘ण’ही टाळा. नागपूर भागात पाणीचं ‘पानी’, फवारणीचं ‘फवारनी’ होतं. ऐकून लिहिणारा तसंच लिहील, मग शोधताना तुम्ही सापडायचे नाहीत.

माझं मत ‘उडता फवारा’ला. जोडाक्षर नाही, ण नाही, आणि ‘फवारा मारणं’ हा तर रोजचाच शब्द. ‘फ’ पुसट झाला तरी ‘उडता’मुळे अर्थ लागतो. ‘उडता पंप’ही गोड आहे, पण मोटारपंप दुरुस्तीचे फोन येतील.

एक अडचण मात्र आहे. काम जसंच्या तसं सांगणाऱ्या नावाला ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं. शेतीसेवा वर्ग ४४ मध्ये येतात. तिथं अर्ज करताना पुढे स्वतःचा एखादा शब्द जोडा, गावाचं नाव नको. इंग्रजी स्पेलिंगही एकच ठरवा, नाहीतर गाडीवर Favara आणि पावतीवर Fawara.